घट बसण्यापूर्वीचे पंधरा दिवस

भाद्रपदाच्या वद्य पक्षात बेळगावच्या खडेबाजारातून किंवा गणपत गल्लीतून एक चक्कर मारली, तर टीव्ही-फ्रीजच्या दुकानांत काहीसा शुकशुकाट आढळतो. गणपती गेलेले असतात आणि घट बसायचे असतात. मधल्या पितृपंधरवड्यात मोठी खरेदी करू नये, असे मानणारी घरे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. दुकानदार हे दिवस वाया गेले असे समजतो, पंख्याखाली बसून वर्तमानपत्र वाचतो आणि घटस्थापनेच्या सकाळी एकदम पानभर जाहिरात देतो : ‘महाधमाका! ५० टक्क्यांपर्यंत सूट! त्वरा करा!’ प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, जाहिरात लिहिणाऱ्याच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत मोलाचे दिवस जर कोणते असतील, तर ते हेच रिकामे पंधरा. या दिवसांत गिऱ्हाईक विकत घेत नाही, पण घरात चर्चा मात्र करते.

आधी त्या पानभर जाहिरातीकडे पाहू. तिच्यातला खरा शब्द ‘पर्यंत’ हा आहे आणि तोच सर्वांत बारीक टायपात असतो. पन्नास टक्के सूट एखाद्या जुन्या मिक्सरवर असते. टीव्हीवर ती फार थोडी असते. शिवाय शेजारच्या दुकानाची जाहिरात अगदी तशीच असते. त्यामुळे वाचकापुढे तुलनेसाठी एक आकडा तेवढा उरतो आणि आकड्यांच्या कुस्तीत गावातला दुकानदार ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे टिकत नाही. म्हणजे पैसे खर्चून त्याने आपल्या दुबळ्या बाजूचीच जाहिरात केली!

यामागे मनोव्यापाराचाही एक भाग आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने विद्यार्थ्यांना विचारले, आपल्या आवडत्या सिनेनटाचे किंवा नटीचे चुंबन मिळणार असेल, तर आत्ता, काही तासांनी, तीन दिवसांनी किंवा वर्षाने मिळण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? (प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी, प्रयोग त्यांच्याच एका बांधवाने केला आहे.) सर्वांत जास्त किंमत आली ती ‘आत्ता’ला नव्हे, तर ‘तीन दिवसांनी’ला. वाट पाहण्यातच काही सुख असते आणि माणूस त्याचीही किंमत देतो. परंतु त्याच प्रयोगात थोडे डॉलर मिळण्याबद्दल विचारले, तेव्हा असे घडले नाही. पैसे जितक्या उशिरा, तितके त्यांचे मोल कमी. जाहिरात लिहिणाऱ्याने ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. सूट म्हणजे पैसे. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे घर नव्या टीव्हीसमोर बसले आहे, या कल्पनेची चव आठ दिवस घोळवता येते; ‘बारा टक्के’ची तशी चव घोळवता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. २०२५ साल यासाठी फार सोयीचे आहे. त्या वर्षी पितृपक्ष २१ सप्टेंबरला, रविवारी संपला आणि सोमवार २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली. त्याच दिवसापासून ३२ इंचांहून मोठे टीव्ही, एअर कंडिशनर आणि भांडी धुण्याची यंत्रे यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला होता. म्हणजे थांबायला परंपरेने एक कारण दिले होते आणि सरकारने दुसरे. समजा, आपल्या गावात मध्यम आकाराचे एक दुकान आहे, दोन मेकॅनिक आहेत, आणि त्याला ४३ इंची टीव्ही विकायचा आहे. कराखेरीज किंमत २५,००० रुपये. जुन्या कराने तो ३२,००० ला पडे, नव्या कराने २९,५०० ला. फरक २,५०० रुपयांचा, म्हणजे जुन्या किमतीच्या सुमारे ७.८ टक्के. ‘दहा टक्के स्वस्त’ असे लिहिणे मोहक आहे, पण खोटे आहे, कारण दहा टक्के कमी झाले ते मूळ किमतीवर, गिऱ्हाईक देत असलेल्या रकमेवर नव्हे.

पहिली जाहिरात पंधरवड्याच्या पहिल्या आठवड्यात, लहानशा चौकटीत :

‘४३ इंची टीव्हीला भिंतीवर ९५ सेंटिमीटर रुंदी आणि ५४ सेंटिमीटर उंची लागते. तुमच्या भिंतीवर ती आहे का? घट बसायला अजून अवकाश आहे. टेप शोधून ठेवा.’

हिच्यात सूट नाही, उद्गारचिन्ह नाही. वाचकाला एक छोटे काम दिले आहे, आणि ते त्याने केले की टीव्ही त्याच्या घरात मनाने येऊन बसतो. काम मात्र खरे आणि उपयोगी हवे. ४३ इंच हे माप कर्णाचे असते, रुंदीचे नव्हे. बहुतेकांना हे दुकानात गेल्यावर कळते. ‘काहीतरी भव्य येत आहे...’ अशी कोडी घालणारी जाहिरात वरवर हिची बहीण वाटते, परंतु ती वाचकाच्या हाती काहीच देत नाही. ज्याला टीव्ही घ्यायचाच नाही तोही चार दिवस विचार करतो आणि अखेर टीव्ही निघाला म्हणून चिडतो.

दुसरी जाहिरात साधारण पाच दिवसांनी :

‘सोमवारी, २२ तारखेला, हा टीव्ही ३२,००० ऐवजी २९,५०० ला मिळेल. हा कर कमी झाल्याचा फरक आहे, तो सर्वच दुकानांत मिळायला हवा. आमच्याकडे आणखी एक सोय आहे. जुना टीव्ही आज आणून दाखवा, त्याची किंमत आम्ही चिठ्ठीवर लिहून देऊ. दसऱ्यापर्यंत ती बदलणार नाही.’

येथे पुष्कळ दुकानदार बिचकतील, कारण किंमत आधीच फोडली आहे. पण उत्कंठा वाढवायची म्हणजे सर्व काही झाकायचे, हा एक गैरसमज आहे. ज्याला महिन्याच्या पगारातून किंवा हप्त्यांनी घ्यायचे आहे, त्याला आकडा लागतोच. तो झाकला तर उत्कंठा वाढत नाही, शंका वाढते. दिवस, वस्तू आणि किंमत उघड असावीत. वाट पाहायची ती वस्तू घरी येण्याची. आणि कर सर्वांसाठीच उतरला, हे कबूल करण्यात तोटा नाही. वाचकाला ते ठाऊकच असते. तुम्ही सांगितले की चिठ्ठीवरही त्याचा विश्वास बसतो.

ती चिठ्ठी हा या योजनेचा कणा होय. खरेदी वर्ज्य असलेल्या दिवसांत जुन्या वस्तूची किंमत ठरवून घ्यायला कोणाची हरकत नसते. चिठ्ठी घरात देवघराशेजारी किंवा फ्रीजवर चिकटलेली राहते आणि रोज दिसते. दुकानदारालाही तिचा हिशेब होतो. शुक्रवारपर्यंत तीस चिठ्ठ्या गेल्या असतील, तर किती टीव्ही मागवावेत याचा अंदाज हवेत बांधावा लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण लोकांना पंधरा दिवस वाट पाहायला लावून ‘माल संपला, हा महागडा घ्या’ असे म्हणणे ही नुसती बदमाशी नव्हे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय नियमांत आमिषाच्या जाहिरातींना स्वतंत्र अटी आहेत. पुरेसा साठा असण्याची वाजवी शक्यता हवी आणि साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगायला हवे.

तिसरी जाहिरात सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी. ती सर्वांत लहान :

‘उद्या. दुकान ९ वाजता उघडेल. आमचे दोन मेकॅनिक दिवसभरात १२ घरी टीव्ही बसवू शकतात. चिठ्ठी आणणाऱ्यांना आधी. बाकीच्यांकडे मंगळवारी येऊ.’

‘फक्त मोजकेच नग!’ ही ओरड आणि ‘१२ घरी’ हा आकडा यांतला भेद पाहावा. बाराच्या मागे कारण आहे, दोन माणसे आणि दिवसाचे तास, आणि ते कोणीही मोजू शकतो. तेराव्या माणसाचे काय होणार तेही सांगितले आहे. कारण नसलेली घाई वाचक दुसऱ्या वर्षी ओळखतो.

या पद्धतीच्या मर्यादाही लहान नाहीत. पहिली मर्यादा म्हणजे ती आजची विक्री थांबवते. २०२५ मध्येच याचा धडा मिळाला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा होईल असे सांगितले आणि मोठे टीव्ही व एअर कंडिशनर घेऊ पाहणारे अनेक जण थांबले. पंधरा दिवस थांबणे गिऱ्हाइकाला गोड वाटते, पाच आठवडे थांबणे दुकानाच्या भाड्याला गोड वाटत नाही. म्हणून आरंभ पितृपक्षाच्या आधी करू नये. गणपतीत जे विकले जाते ते विकू द्यावे.

दुसरी मर्यादा वस्तूची. टीव्हीची वाट पाहता येते, बंद पडलेल्या फ्रीजची नाही. ज्याचे दूध मंगळवारी नासले, तो घटस्थापनेपर्यंत थांबणार नाही, आणि त्याच्यासाठी ‘आज सांगा, आज बसवू’ एवढीच जाहिरात योग्य. शिवाय फ्रीज आणि वॉशिंग मशीन यांवरील कर २०१८ पासूनच १८ टक्के आहे. २०२५ च्या जाहिरातीत टीव्हीच्या ओळीशेजारी फ्रीजचे चित्र टाकून ‘कर उतरला’ असे सुचवणे, ही दिशाभूलच.

योजना लागू पडते आहे की नाही, हे काउंटरवरच्या प्रश्नांवरून कळते. लोक ‘सोमवारी किती वाजता येऊ?’, ‘भिंत विटेची नाही, चालेल का?’ असे विचारू लागले, तर वस्तू त्यांच्या घरात पोहोचली. ‘शेवटचे किती टक्के सोडता?’ हाच प्रश्न येत राहिला, तर तुमची जाहिरातही धमाक्यासारखीच वाचली गेली. याहून पक्के माप म्हणजे परत आलेल्या चिठ्ठ्यांची संख्या. तीसपैकी पाचच आल्या, तर बहुधा जुन्या टीव्हीची किंमत कमी लिहिली गेली असावी.

आपल्या भागापुरती एक गोष्ट राहिली. हीच चौकट कन्नडमध्ये नुसती भाषांतरित करून चालत नाही. कन्नड घरांत यंत्राशी जोडलेला दिवस आयुधपूजेचा, म्हणजे महानवमीचा. २०२५ मध्ये तो १ ऑक्टोबरला होता. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पूजतात खरी, पण खरेदीचा मुहूर्त म्हणून मराठी गिऱ्हाईक दसऱ्याकडे पाहते. तेव्हा कन्नड जाहिरातीत पहिले वाक्य भिंतीच्या मापाने सुरू करावे, परंतु शेवटचा ‘उद्या’ ३० सप्टेंबरला छापावा आणि त्यासाठी १ तारखेला बसवायच्या बारा घरांतली सहा राखून ठेवावीत.