एकाच ॲपमधली परकी चित्रं

गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये आयकॉन 24 एककांच्या चौकोनात बसतो. रेघेची जाडी 2 आणि बाहेरच्या कोपऱ्याची गोलाईही 2.

गडबड होते ती उसनवारीत. 16 च्या चौकोनात 2 जाडीने काढलेली घंटा कुणी ताणून 24 ची केली, की रेघ होते 3 आणि कोपरेही दीडपट गोल. शेजारच्या घरापुढे ती ठसठशीत, काळपट दिसते. सगळे आयकॉन एका ओळीत मांडून डोळे किलकिले केले, की चोर लगेच सापडतो. उपाय एकच: घंटा 24 च्या चौकोनात नव्याने काढायची.

अर्थाची विसंगती मात्र डोळे किलकिले करून दिसत नाही. एका पडद्यावर ‘जतन करा’साठी हृदय, दुसऱ्यावर तारा असेल, तर वापरणाऱ्याला त्या दोन वेगळ्या याद्या वाटतात. ट्विटरने 2015 मध्ये ताऱ्याऐवजी हृदय आणलं, तेव्हा बरेच जण कुरकुरले; खुणेसाठी तारा दाबणाऱ्यांना हृदय जरा जास्तच प्रेमळ वाटलं.