ट्रॅक्टरमध्ये काय काय भरलं

दसरा-दिवाळी सरली की बीडकडच्या गावांतून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. अर्धं घर त्यांत भरलेलं असतं. ते नुसतं नोंदवत गेलं तर कविता होईल, असं वाटून मी एकदा यादी लिहिली: ज्वारी, बाजरी, पीठ, तवा, परात, काथवट, फुंकणी, कोयते, ताडपत्री, बांबू, अंथरुणं, शेळी, कोंबड्या, आरसा, पोरं, कर्ज, दुःख. सतरा नावं झाली, पण कविता काही झाली नाही. वाण्याला द्यायची चिठ्ठी वाटावी, तशी ती वाटत होती.

यादीची कविता दोन तऱ्हांनी चालते. एक नकाशासारखी पसरते. होमरच्या ‘इलियड’मधली जहाजांची यादी अशीच बरीचशी प्रदेशावरून प्रदेशावर सरकते, तिला शिखर गाठायचंच नसतं. दुसरी जिन्यासारखी चढते. शाळेच्या व्याकरणात ‘सार’ अलंकार शिकवतात, त्यातली चढती कमान ती हीच. मला जिना हवा होता.

मग आधी छाटणी केली. कर्ज आणि दुःख पहिल्यांदा गेली, कारण ती ट्रॉलीत चढवता येत नाहीत. शिवाय वाचकाला जे जाणवायला हवं, तेच ती आधी सांगून टाकतात. ज्वारी, बाजरी, पीठ यांचं काम एकच, म्हणून बाजरी ठेवली. परात, बांबू, अंथरुणं, कोंबड्याही खाली उतरल्या.

पुढचा प्रश्न होता चढायचं कशावरून. आकार किंवा किंमत धरली तर शेवटी शेळीच उरते. मी धरलं ते असं: वस्तू ‘सामान’ या शब्दापासून किती लांब आहे? कोयता हे निखळ सामान. तवा-काथवट म्हणजे सामान असलं तरी घरही. शेळी जिवंत. पोरगी तर सामान नव्हेच, पण चढवतात तिलाही. हा माप ठरल्यावर क्रम जवळजवळ आपोआप लागला:

दोन कोयते घेतले, एक नवा.
बाजरीचं पोतं घेतलं, तोंड शिवून.
तवा घेतला, काथवट, फुंकणी.
ताडपत्री घेतली, मागच्या वर्षीचीच, भोकासकट.
शेळी घेतली, दावं आखडून.
पोरीला घेतलं, दप्तर खुंटीला.
म्हातारीला किल्ली दिली.

क्रम खरंच काम करतोय का, हे पाहायचा एक सोपा उपाय आहे. शेजारच्या दोन ओळींची अदलाबदल करायची. शेळी आणि पोरगी बदलून पाहिली तर दप्तर आधी येतं आणि शेळीची ओळ विनोदी होते. म्हणजे त्या जागा पक्क्या आहेत. पण बाजरी आणि तवा बदलले तर फारसं काही बिघडत नाही. सुरुवातीला एवढी ढिलाई मी चालवून घेतो. यादी आहे असा भास व्हायला एखाद-दोन ओळी साध्या लागतातच.

‘घेतलं’ हे क्रियापदही मुद्दाम तेच ठेवलंय. सहा वेळा घेऊन झाल्यावर सातव्यांदा ‘दिली’ येतं, आणि कोण मागे राहिलं ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या ओळीत ‘थरथरत्या हातात’ घालायचा मोह झाला होता. घातलं असतं तर ओळ मोठ्यानं बोलू लागली असती, आणि वरच्या पायऱ्या फुकट गेल्या असत्या.

तरी काहीतरी खटकत होतं. एका मित्राला वाचून दाखवली, तर शेळी आल्याबरोबर तो म्हणाला, “आता पोर येणार, मग म्हातारी.” चढत्या यादीचं मोठं दुखणं हेच. पायऱ्या सारख्या उंचीच्या झाल्या की वाचक आपल्या आधी माडीवर पोचतो. शेवट आणखी भडक करणं हा यावरचा इलाज नव्हे. एक पायरी खाली उतरावं लागतं, तेही शेवटाच्या अगदी आधी.

म्हणून छाटणीतून वाचलेला पण जागा न मिळालेला आरसा पोरगी आणि म्हातारीच्या मधे आणला:

पोरीला घेतलं, दप्तर खुंटीला.
आरसा राहिला होता, पळत जाऊन आणला.
म्हातारीला किल्ली दिली.

वस्तू म्हणून आरसा हलका. पण त्याच्यासाठी कुणीतरी परत घरात गेलं, आणि दप्तर तिथेच खुंटीला होतं. ओळ खाली उतरल्यासारखी दिसते, आणि ओझं मात्र वाढतं. मित्राला हे सुचलं नव्हतं. खरं तर मलाही आरसा तिथे ठेवून पाहीपर्यंत सुचलं नव्हतं.

पहिली ओळ मात्र मी शेवटपर्यंत हलवली नाही. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हे ज्याला ठाऊक आहे, तो खालपर्यंत वाचून पुन्हा वर गेला, की त्याला पहिल्याच ओळीत माणसं मोजलेली दिसतात.