नोटीस हाती आल्यावर – भाग ४ : आधी कागद, मग उत्तर

मागच्या भागात प्राप्तिकर खात्याची कारणे दाखवा नोटीस कशी वाचायची ते पाहिलं. आता तिच्या उत्तराकडे वळायचं, पण उत्तराच्या आधी एक पत्र येतं. ते जेमतेम दीड पानाचं असतं आणि बहुतेक लोक ते लिहीतच नाहीत. नोटिशीत एक आकडा दिसतो, माणूस घाबरतो आणि त्याच संध्याकाळी खुलासा लिहायला बसतो. तो आकडा कुठून आला, कोणी सांगितला, कोणत्या कागदावर आहे, हे विचारायचं राहून जातं.

एक रचलेलं उदाहरण घेऊ. इचलकरंजीतला एक यंत्रमागधारक आहे. त्याला १० नोव्हेंबर २०२५ रोजी पोर्टलवर कलम १४८-अ ची नोटीस आली. वर्ष २०२०-२१, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२१-२२. मजकूर चार ओळींचा : खात्याच्या जोखीम व्यवस्थापन यंत्रणेकडून मिळालेल्या माहितीनुसार तुम्ही अमुक सूत विक्रेत्या फर्मकडून ५२,४०,००० रुपयांची बोगस खरेदी दाखवली आहे, तेवढं उत्पन्न करातून सुटलं असं दिसतं, फेरनिर्धारणाची नोटीस का काढू नये, ते २० नोव्हेंबरपर्यंत कळवा. सोबत एक पान जोडलेलं, त्यावर फर्मचं नाव, पॅन आणि एकच एकूण रक्कम.

यंत्रमागधारकाला ती फर्म आठवते. सूत आलं होतं, मागावर चढलं होतं, कापड विकलं होतं. पण खरेदी ५२ लाखांची होती का? वह्या गोदामात, हिशेबनीस बदललेला आणि हातात दहा दिवस.

इथे तो दोनपैकी एक चूक करू शकतो. पहिली, ‘आमची सर्व खरेदी खरी आहे’ असं ठोकून देणं. त्यात ५२ लाखांचा आकडा न तपासताच मान्य होऊन जातो. दुसरी, घाईघाईत जुळवाजुळव करून असा तपशील देणं, जो नंतर स्वतःच्याच वह्यांशी जुळत नाही. पुढची सगळी लढाई मग त्या पहिल्या उत्तराशीच लढावी लागते.

म्हणून त्याच्या सीएने तिसऱ्याच दिवशी पत्र तयार केलं. ते जातं इंग्रजीत. त्याचा मराठी गाभा असा :

‘आपली दिनांक १० नोव्हेंबरची नोटीस मिळाली. नोटिशीतील आरोप आम्हाला मान्य नाही. मात्र त्याला मुद्देसूद उत्तर देण्यासाठी पुढील कागद आवश्यक आहेत. एक, ५२,४०,००० या रकमेची फोड : प्रत्येक व्यवहाराची तारीख, बिल क्रमांक आणि रक्कम. दोन, आपल्याला मिळालेला अहवाल, त्याच्या जोडपत्रांसह; त्यात इतर लोकांची माहिती असल्यास ती झाकून आमच्यापुरता भाग. तीन, विक्रेत्या फर्मच्या मालकाचा जबाब घेतला असल्यास त्याची पूर्ण प्रत, प्रश्नांसह. तो नंतर मागे घेतला असल्यास तो कागदही. चार, ही माहिती आमच्या याच वर्षाच्या उत्पन्नाशी कशी जोडली, याची आपली कारणे. हे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. सविस्तर उत्तराचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.’

दुसरं वाक्य मुद्दाम तिथे आहे. कागद मिळेपर्यंत काहीच म्हटलं नाही, तर आदेशात ‘करदात्याने आरोप नाकारला नाही’ असं एक वाक्य सहज शिरतं. दुसरीकडे, त्या वाक्यानंतर पत्रात खरेदीविषयी एकही तपशील नाही. किती बिलं, कोणती वाहनं, पैसे कसे दिले, यातलं काहीच लिहिलेलं नाही. वह्या सापडल्याशिवाय लिहायचं नाही, हे ठरलेलं होतं.

मागणीही मोघम नाही. ‘सर्व कागदपत्रे द्या’ असं लिहिलं की अधिकारी ‘नोटिशीसोबत जोडली आहेत’ असं एका ओळीत उत्तर देऊ शकतो. चार ठरावीक गोष्टी मागितल्या की त्यातली कोणती दिली आणि कोणती नाही, हे नोंदीवर येतं. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारतं : काय मागितलं होतं, आणि ते न मिळाल्याने तुमचं नेमकं काय नुकसान झालं?

ही मागणी कशाच्या जोरावर करायची? कलम १४८-अ स्वतःच सांगतं की कारणे दाखवा नोटिशीसोबत उत्पन्न सुटल्याचं सुचवणारी माहिती द्यायची. सप्टेंबर २०२४ पासूनच्या सुधारित कलमात हे आहे. वाद होतो तो ‘माहिती’ म्हणजे किती, यावर. अनेकदा अधिकारी निष्कर्ष देतो आणि त्यालाच माहिती म्हणतो.

४ मे २०२२ च्या आशिष अग्रवाल निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर जुन्या पद्धतीने काढलेल्या सुमारे ९०,००० नोटिसांचा प्रश्न होता. न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत, १४८-अ च्या नोटिसा मानल्या; पण ज्या माहितीवर आणि सामग्रीवर भिस्त ठेवली, ती तीस दिवसांत करदात्यांना द्या आणि त्यानंतर उत्तराला दोन आठवडे द्या, असं बजावलं. त्याच्याही आधी, २००२ च्या जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स निकालाने क्रम घालून दिला होता : करदात्याने कारणं मागावीत, अधिकाऱ्याने वाजवी वेळेत द्यावीत, करदात्याने हरकती घ्याव्यात आणि अधिकाऱ्याने त्यांवर सकारण आदेश द्यावा. तो निकाल जुन्या कलमावरचा, पण त्यातला क्रम आजच्या कलमात उतरलेला दिसतो.

कागद दाखवणं का महत्त्वाचं, हे किशिनचंद चेल्लाराम या खटल्यातून चांगलं समजतं. १,०७,३५० रुपये मद्रासहून मुंबईला बँकेतून तारेने पाठवले गेले होते. ते पाठवणारी किशिनचंद चेल्लाराम ही फर्मच, असं खात्याने ठरवलं आणि रक्कम फर्मच्या उत्पन्नात धरली. आधार होता बँक मॅनेजरच्या पत्राचा. ते पत्र कर निर्धारणाच्या वेळी फर्मला दाखवलंच नव्हतं, आणि मॅनेजरला उलट प्रश्न विचारायची संधीही दिली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८० साली न्यायालयाने म्हटलं की जो पुरावा करदात्याला दाखवला नाही, त्याला खोडून काढायची संधी दिली नाही, तो त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. वाढवलेली रक्कम टिकली नाही.

अर्थात, या हक्काला मर्यादा आहेत. १४८-अ चा टप्पा प्राथमिक आहे. इथे अधिकाऱ्याला उत्पन्न सुटल्याचं सिद्ध करायचं नसतं, तसं सुचवणारी माहिती आहे एवढंच दाखवायचं असतं. म्हणून याच टप्प्यावर फर्मच्या मालकाची उलटतपासणी मिळेलच असं नाही. ती मागायची खरी जागा पुढे, प्रत्यक्ष फेरनिर्धारणात आहे. आणि अहवालात दुसऱ्या व्यापाऱ्यांची माहिती असेल तर ती झाकून ठेवता येते. म्हणूनच पत्रात ‘आमच्यापुरता भाग’ असं आधीच लिहिलेलं होतं. नकाराचं सोपं कारण त्यामुळे उरत नाही.

पत्र पोर्टलवरच्या ‘e-Proceedings’ मधून त्याच नोटिशीखाली अपलोड केलं, मुदतवाढीचा अर्जही तिथूनच. पोस्टाने पाठवलेलं पत्र कार्यालयात कुठेतरी पोचतं, पण अधिकाऱ्याच्या पडद्यावरच्या फाइलमध्ये दिसत नाही आणि आदेशात ‘उत्तर आले नाही’ असं येतं.

मुदतवाढ मागितली म्हणजे मिळाली, असं नसतं. त्यामुळे २० नोव्हेंबर उजाडेपर्यंत काहीच उत्तर आलं नसतं तर काय करायचं, हेही सीएने ठरवून ठेवलं होतं : त्याच दिवशी एक छोटं, तात्पुरतं उत्तर टाकायचं. आरोप अमान्य, कागद अमुक तारखेला मागितले, मिळाले नाहीत, त्यामुळे एवढंच उत्तर शक्य आहे. मुदत चुकली तर कागद न मिळाल्याची तक्रारही पातळ होते.

आपल्या उदाहरणात मात्र १७ तारखेला कागद आले. जबाब तीन पानी. मालक म्हणतो की आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये काही गिऱ्हाइकांना आपण नुसती बिलं दिली. यंत्रमागधारकाचं नाव त्यात कुठेच नाही, आणि वर्षही वेगळं. दुसरा कागद म्हणजे रकमेची फोड, आठ ओळींची. पहिल्या चार ओळी बिलांच्या : ६,४०,०००, ७,१०,०००, ५,९०,००० आणि ६,८०,०००. पुढच्या चार ओळी त्याच रकमांच्या, बँकेतून फर्मला दिलेल्या पैशांच्या. खरेदी आणि तिचं पेमेंट, दोन्ही एकत्र मिळवली होती.

खरेदी २६,२०,००० रुपयांची होती. बेरीज दुप्पट झाली होती.

हा फरक फक्त रकमेचा नव्हता. कर निर्धारण वर्ष २०२१-२२ संपलं ३१ मार्च २०२२ रोजी. सुधारित कलम १४९ प्रमाणे १४८-अ ची नोटीस तीन वर्षांच्या आत, म्हणजे ३१ मार्च २०२५ पर्यंत काढायची. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत काढता येते, पण अधिकाऱ्याकडच्या माहितीनुसार सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असेल किंवा तेवढं होण्याची शक्यता असेल तरच. ५२,४०,००० असेल तर १० नोव्हेंबरची नोटीस मुदतीत बसते. २६,२०,००० असेल तर ती काढताच येत नव्हती.

इथे अधिकारी म्हणू शकतो की कलमात ‘माहितीनुसार’ असं आहे आणि माझ्या माहितीत आकडा ५२ लाखांचाच होता. त्याला उत्तर त्याच्याच फोडीतून मिळतं. माहिती म्हणजे एकूण रक्कम नव्हे, त्या आठ ओळी. आणि त्या आठ ओळी चारच खरेदी दाखवतात. वह्या, ई-वे बिलं, बँकेचा उतारा हे सगळं त्यानंतर येतं. पण मुदतीचा मुद्दा खात्याच्याच कागदावर उभा राहतो, आणि तो कागद पत्राशिवाय हाती आलाच नसता.

अधिकाऱ्याने हे मान्य केलं नाही आणि वरिष्ठांच्या मंजुरीने १४८-अ(३) चा आदेश काढला, तर त्यावर नेहमीचं अपील नाही; घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. तिथे जोडायचे कागद आत्ताच क्रमाने लावून ठेवावेत : नोटीस, मागणीपत्र, अपलोडची पोचपावती, मिळालेले कागद आणि उत्तर. त्या उत्तरातले मुद्दे कोणत्या क्रमाने मांडायचे, ते पुढच्या भागात.