वाटेवरची खते आणि वाटेवरची रोकड

शेतकी विभागाच्या माणसाने हिशेबावर लिहावे हे काहींना नवल वाटेल. पण खताच्या गोणीचा हिशेब आमच्याही गळ्यात असतो. मार्चअखेर मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्या चालू खात्यांत फरक निघाला, की 'कुणीतरी खाल्ले' अशी कुजबुज लगेच सुरू होते. दरवेळी तसे नसते.

समजा, कारखान्याच्या मुख्य कार्यालयाच्या खतावणीत तळोदा खत विक्री केंद्राच्या नावे ३१ मार्चला ४,८६,००० रुपये दिसतात. तळोद्याच्या वहीत मात्र मुख्य कार्यालयाचे जमा फक्त ४,०६,५०० निघतात. फरक ७९,५०० रुपयांचा. दोघांचेही आकडे बरोबर आहेत, मग पैसे गेले कुठे?

३१ तारखेला सायंकाळी गोदामातून डीएपीच्या ४० गोण्या ट्रकवर चढल्या. १,३५० च्या दराने ५४,००० रुपये मुख्य कार्यालयाने चलन फाडताच तळोद्याच्या नावे टाकले. गाडी १ एप्रिलला पोहोचली, म्हणून तळोद्याच्या वहीत त्या दिवशी काहीच नाही. त्याच दिवशी तळोद्याने विक्रीचे २५,५०० रोख कारखान्याकडे पाठवले व मुख्य कार्यालयाच्या नावे लिहिले. रक्कम इकडे १ तारखेला जमा झाली. ५४,००० आणि २५,५०० मिळून फरक पुरा झाला.

आता नोंद मुख्य कार्यालयाच्याच वहीत करायची. ३१ मार्चच्या तारखेने 'वाटेवरील माल' नावे ५४,०००, 'वाटेवरील रोकड' नावे २५,५०० आणि तळोदा खाते जमा ७९,५००. तळोद्याची बाकी ४,०६,५०० वर येते व एकत्र ताळेबंदात दोन्ही खाती एकमेकांत उडतात. माल आणि रोकड मात्र कारखान्याची मालमत्ता म्हणून ताळेबंदात दिसतात. एप्रिलमध्ये माल व रक्कम पोहोचल्यावर ही खाती मोडायची. इथे गफलत होते ती अशी, की उत्साहाच्या भरात शाखाही तीच नोंद करते आणि फरक मिटायच्या ऐवजी उलट्या बाजूने तेवढाच उभा राहतो.

वाटेवर खरेच होते का, हे कसे ओळखावे? चलनावरची तारीख ३१ मार्च किंवा आधीची आणि शाखेची पोच एप्रिलच्या पहिल्या दोन-चार दिवसांतली हवी. शहादा ते तळोदा हे काही आठवड्याचे अंतर नाही! वीस एप्रिललाही पोच नसेल तर त्याला वाटेवरचा माल म्हणू नये, तूट समजून चौकशी लावावी. ४० पैकी ३८ गोण्याच उतरल्या, तर ५१,३०० चा माल वाटेवर होता एवढेच धरावे; उरलेले २,७०० वेगळ्या खात्यात, वाहतूकदाराकडून येणे किंवा तूट म्हणून. ते 'वाटेवर' घालून ठेवले, की पुढच्या मार्चलाही तिथेच सापडतात. लेखापरीक्षक म्हणूनच जुनी, न हललेली रक्कम आधी उचलतात.

वार्षिक अहवालात हे दोन मथळे दिसले, तर मागच्या वर्षाचा आकडाही शेजारी पाहावा. दोन्ही वर्षी तोच असेल, तर सभेत विचारायला हरकत नाही.