कुलूपबंद डबी कोणी मागितली?

समजा, आशा सकाळी नऊ वाजता ऑफिसात येऊन एकदाच पासवर्ड टाकते. मग दिवसभर ती सामायिक फोल्डर उघडते, प्रिंटरला काम देते, हिशेबाचा डेटाबेस पाहते, आणि कुठेही तिला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. यामागे कर्बेरॉस आहे. एमआयटीत १९८०च्या दशकात जन्मलेला हा प्रोटोकॉल विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या डोमेनचा द्वारपाल झाला. त्याची रचना मला आजही थक्क करते, आणि तिच्यातली सगळ्यात देखणी गोष्टच चोराच्या उपयोगी पडते.

आशाला डेटाबेस हवा असला की तिचा संगणक डोमेन कंट्रोलरकडे तिकीट मागतो. हे तिकीट म्हणजे एक कुलूपबंद डबी. डबीत आशा कोण आहे ते लिहिलेलं असतं, आणि कुलूप असतं डेटाबेसच्या सेवा-खात्याच्या पासवर्डपासून बनवलेलं. आशाला डबी उघडता येत नाही, ती फक्त नेऊन पोचवते. डेटाबेस आपल्या किल्लीने ती उघडतो, चिठ्ठी वाचतो आणि तिला आत घ्यायचं की नाही ते ठरवतो. डोमेन कंट्रोलरला त्यासाठी डेटाबेसशी एक शब्दही बोलावा लागत नाही.

आत घ्यायचं की नाही हे डेटाबेस ठरवतो, हे महत्त्वाचं. आशाचा त्या डेटाबेसशी काही संबंध आहे का, हे डोमेन कंट्रोलर तिकीट देताना तपासतच नाही. डोमेनमधलं कुठलंही साधं खातं कुठल्याही सेवेची डबी मागू शकतं, आणि ती मिळते. आता ज्याच्या हाती आशाचा पासवर्ड लागला आहे, त्याने ही डबी डेटाबेसकडे नेलीच नाही तर? तो ती घरी नेतो आणि स्वतःच्या यंत्रावर एकामागून एक पासवर्ड लावून बघतो. डबी उघडली की सेवा-खात्याचा पासवर्ड त्याला कळला. टिम मेडिन यांनी २०१४ मध्ये डर्बीकॉन परिषदेत ही युक्ती मांडली आणि पुढे ती कर्बेरोस्टिंग म्हणून ओळखली जाऊ लागली.

किल्ल्या लावून बघण्याचा हा सगळा उद्योग आपल्या नेटवर्कबाहेर चालतो. कोटी वेळा चुकीचा पासवर्ड लावला तरी फसलेल्या लॉगिनची एकही नोंद आपल्याकडे उमटत नाही, खातं लॉक होत नाही. आपल्या हाती उरतो तो चोरीच्या सुरुवातीचा एकच क्षण, डबी मागितल्याचा. डोमेन कंट्रोलर तो इमानाने लिहून ठेवतो. अट एवढीच की सर्व्हिस तिकिटांचं ऑडिट चालू हवं. त्या नोंदीचा क्रमांक 4769.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून मी घरी एक छोटं डोमेन उभारलं. एक कंट्रोलर, एक क्लायंट, सहा सेवा-खाती, आणि `asha` नावाचं साधं खातं. त्या खात्यावरून हल्ल्याचं नेहमीचं साधन चालवलं आणि लॉग उघडला. पहिली नोंद अशी होती (बाकीच्या ओळी गाळल्या आहेत):

```
Account Name:            asha@LAB.LOCAL
Service Name:            svc_sql
Client Address:          ::ffff:10.0.0.57
Ticket Encryption Type:  0x17
Failure Code:            0x0
```

तिच्याखाली अशाच आणखी पाच. तोच माणूस, तोच पत्ता, फक्त सेवेचं नाव दर वेळी वेगळं, आणि सहाही नोंदी दोन सेकंदांच्या आत. खऱ्या आशाला दोन सेकंदांत सहा सेवा कशाला लागतील? शिवाय एकदा मिळालेलं तिकीट सहसा दहा तास चालतं, त्यामुळे प्रामाणिक संगणक एकाच सेवेसाठी पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहत नाही.

आता ते `0x17` बघा. हा कुलपाचा प्रकार आहे, आरसी४. आजच्या विंडोजमध्ये सहसा `0x12` दिसायला हवं, म्हणजे एईएस-२५६. चोर जुनं कुलूप मुद्दाम मागतो. आरसी४ची किल्ली म्हणजे पासवर्ड एकदाच एमडी४मधून काढलेला, त्यात मीठसुद्धा नाही. इथे मीठ म्हणजे खात्यागणिक वेगळी मिसळलेली अक्षरं, ज्यांमुळे एकच पासवर्ड दोन खात्यांवर वेगळा दिसतो. एईएसच्या किल्लीत हे मीठ असतं आणि पासवर्ड ४०९६ वेळा घुसळलेला असतो. त्यामुळे एकेक अंदाज तपासायला चोराला कितीतरी पट जास्त कष्ट पडतात. म्हणून त्याचं साधन मागणीतच सांगतं, मला फक्त आरसी४ समजतं. सेवा-खात्याला आरसी४ चालत असेल तर कंट्रोलर तसंच देतो. स्वतःचं काम सोपं करायला केलेली ही निवडच त्याची खूण बनते.

लॉगमध्ये शोध घेताना `Service Name` च्या शेवटी `$` असलेल्या नोंदी मी आधी बाजूला काढतो. ती संगणकांची स्वतःची खाती. त्यांचे पासवर्ड यंत्राने बनवलेले, लांबलचक आणि सहसा दर ३० दिवसांनी बदलणारे असतात, त्यांच्यावर वेळ घालवणं चोराला परवडत नाही. `krbtgt` सुद्धा वगळतो. उरलेल्यांत `0x17` तेवढं ठेवतो आणि मागणाऱ्या एकेका खात्याने पाच मिनिटांत किती वेगवेगळ्या सेवा मागितल्या ते मोजतो. वेगवेगळ्या, हे ध्यानात ठेवा. नुसत्या नोंदी मोजल्या तर एखादा बिघडलेला प्रोग्रॅम एकच तिकीट शंभर वेळा मागून आपल्याला उगाच धावायला लावतो. आणि लॉग प्रत्येक कंट्रोलरवरून गोळा करावा लागतो. ज्याने तिकीट दिलं त्याच्याकडेच नोंद असते, एक कंट्रोलर सुटला की अर्धा घोळका नजरेआड.

खऱ्या ऑफिसात पहिल्या दिवशी या गाळणीतून बरंच काही वर येतं. जुना स्टोरेज बॉक्स, कधीकाळी बसवलेलं जावा सॉफ्टवेअर, किंवा ज्याच्या `msDS-SupportedEncryptionTypes` मध्ये काहीच भरलेलं नाही असं सेवा-खातं. हे सारे रोज, त्याच वेळी, त्याच एकदोन सेवांसाठी आरसी४ वापरतात. त्यांची यादी करून एकेकाला एईएसवर आणलं की लॉग शांत होतो, आणि मग एक `0x17` सुद्धा उठून दिसतो. खातं फार जुनं असेल तर एईएस चालू केल्यावर त्याचा पासवर्डही बदलावा लागतो. त्याशिवाय त्याची एईएस किल्ली तयारच झालेली नसते. सुरक्षेची तपासणी करणारे स्कॅनरही असाच घोळका उठवतात, पण त्यांचा पत्ता आणि वेळ आपल्याला आधीच ठाऊक असते.

धूर्त चोर मात्र घाई करत नाही. तो तासाला एक डबी मागतो, किंवा एईएसचीच मागतो आणि कमकुवत पासवर्डवर भिस्त ठेवतो. तिथे माझी मोजणी कमी पडते. म्हणून मी सातवं सेवा-खातं बनवलं, `svc_backup_old`. त्याच्यावर एक खोटा एसपीएन, म्हणजे सेवेचा नोंदणीपत्ता, आणि यंत्राने बनवलेला लांब पासवर्ड. त्याच्यामागे कुठलीही सेवा नाही, त्यामुळे कोणाही सज्जनाला त्याची डबी लागण्याचं कारण नाही. इथे पाच मिनिटं मोजायची नाहीत, कुलपाचा प्रकार बघायचा नाही. नाव दिसलं की उठायचं.

मी ते साधन पुन्हा चालवलं, या वेळी दोन मागण्यांत वीस मिनिटांचं अंतर ठेवून. घोळक्याचा नियम गप्प राहिला. चौथी मागणी आली, ती नेमकी `svc_backup_old` ची, आणि स्क्रीनवर इशारा उमटला. मागणाऱ्याच्या रकान्यात होतं `asha@LAB.LOCAL`, पत्ता `10.0.0.57`.