एटीएममधून काढलेले दहा हजार

क्रेडिट कार्डाने दुकानात दहा हजारांची खरेदी केली आणि देय तारखेपर्यंत बिल पूर्ण भरलं, तर आधीची थकबाकी नसताना एक रुपयाही व्याज लागत नाही. त्याच कार्डाने एटीएममधून दहा हजार काढले, तर हिशेब पहिल्याच दिवसापासून वेगळा होतो. रोख रकमेला व्याजमुक्त मुदत मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका दुकानदाराला मालाचे पैसे तातडीने द्यायचे होते, म्हणून त्याने ५ जूनला कार्डावर १०,००० रुपये काढले. त्याच्या बँकेचं रोख काढण्याचं शुल्क रकमेच्या अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये. अडीच टक्क्यांनी २५० होतात, म्हणून किमान शुल्क लागू झालं. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० धरले, तर नोटा हातात आल्या तेव्हाच ५९० रुपये गेले होते.

व्याजाचा दर होता महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दहा हजारांवर ते रोज साधारण साडेअकरा रुपये होतं. बिल २० जूनला निघालं. तोवरच्या पंधरा दिवसांचं व्याज १७३ रुपये, त्यावर ३१ रुपये जीएसटी. मुद्दल आणि शुल्क धरून बिल आलं १०,७९४ रुपयांचं. त्याने ते देय तारखेला, १० जुलैला, पूर्ण भरलं.

तरी पुढच्या बिलात पुन्हा व्याज दिसलं.

अनेक जण इथेच चक्रावतात आणि बँकेची चूक झाली असं समजतात. पण बिलात व्याज धरलेलं असतं ते बिलाच्या तारखेपर्यंतचंच. २० जून ते १० जुलै या वीस दिवसांत दहा हजार रुपये बाकीच होते. त्या दिवसांचं २३० रुपये व्याज आणि ४१ रुपये जीएसटी नंतर लागला. एकूण भुर्दंड सुमारे १,०६५ रुपये, तोही पस्तीस दिवसांच्या उसनवारीसाठी.

हेच पैसे त्याने ८ जूनला परत भरले असते, तर व्याज जीएसटीसकट ४१ रुपयांच्या आसपास राहिलं असतं. शुल्काचे ५९० मात्र तरीही गेलेच असते. त्यामुळे आठवड्याभराची नड असेल, तेव्हा खरा खर्च व्याजाचा नसून शुल्काचा असतो. हजार-दोन हजारच काढले, तरी किमान शुल्क तेवढंच पडतं.

प्रत्येक बँकेचे दर वेगळे असतात. कार्डासोबत येणाऱ्या अटींच्या पत्रकात रोख काढण्याचं शुल्क, त्याची किमान रक्कम आणि मासिक व्याजदर दिलेला असतो. पैसे काढावेच लागले, तर बिल निघायची वाट न पाहता हाती पैसे येताच ते कार्डावर भरावेत आणि थोड्या दिवसांनी उरलेलं व्याज किती आहे, हे बँकेकडून विचारून घ्यावं.