सहलीआधीचा एक ईमेल

साताऱ्यातल्या एखाद्या शाळेची सातवी एका दिवसासाठी प्रतापगडाला निघाली आहे. मुख्याध्यापक विमा कंपनीला लिहितात : 'आमच्या १२० विद्यार्थ्यांचा सामूहिक वैयक्तिक अपघात विमा उतरवावा.' एवढ्यावर कंपनीकडून उलट प्रश्नच येणार.

तारीख, ठिकाण, मुलांची नावे-वये आणि प्रत्येकी किती रकमेचे संरक्षण हवे, हे तर लिहायचेच. खरी मेख वेळेत असते. नुसते 'गडावरील सहल' म्हटले, तर घाटातला बसप्रवास त्यात धरायचा की नाही, यावर पुढे वाद होऊ शकतो. म्हणून 'शाळेच्या फाटकातून सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत, प्रवासासह' असे स्पष्ट मागावे.

दुसरी गफलत दवाखान्याच्या बिलाची. मूळ अपघात विमा मुख्यतः मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी पैसे देतो. पायरीवरून घसरून मनगट मोडले, तर प्लास्टरचा खर्च त्यात सहसा बसत नाही. वैद्यकीय खर्चाची जोड वेगळी मागावी लागते. सहलीत घडते ते बहुधा हेच! जेवणातून विषबाधा झाल्यास ती 'अपघात' ठरेल का, हेही आधीच लेखी विचारलेले बरे.

'ईमेल मिळाला' एवढ्या उत्तरावर मात्र बस सोडू नये. १९३८च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आगाऊ भरल्याशिवाय किंवा त्याची हमी मिळाल्याशिवाय कंपनीला सहसा जोखीम स्वीकारता येत नाही. आदल्या संध्याकाळी एखादे मूल वाढले, तर नाव कळवून वाढीव हप्ता भरावा आणि यादीत ते नाव चढल्याची लेखी पोच निघण्यापूर्वी हातात घ्यावी.